भत्ता आजचा, लोकसंख्या २०११ची: घरभाडे भत्त्याच्या शहर-वर्गवारीबद्दल व्यय विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, व्यय विभाग, वित्त मंत्रालय, नवी दिल्ली
प्रत माहितीसाठी: मा. अध्यक्ष, आठवा केंद्रीय वेतन आयोग, मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त

महोदय,

पगारबिलात ‘घरभाडे भत्ता’ हा रकाना भरायला फार बुद्धी लागत नाही. कर्मचाऱ्याचे मूळ वेतन घ्यायचे, कार्यालय कोणत्या शहरात आहे ते पाहायचे, ते शहर एक्स, वाय की झेड हे यादीत शोधायचे आणि टक्केवारीने गुणायचे. हे काम करणारे किंवा आयुष्यभर ते करून निवृत्त झालेले आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत. सेवेत असलेल्यांना आचार नियम लागू असल्यामुळे खाली नावे दिलेली नाहीत. झेड शहरातला शिपाई किंवा कारकून जेव्हा विचारतो, “साहेब, शेजारच्या शहरात वीस टक्के आणि आम्हाला दहाच का?”, तेव्हा उत्तर आम्हाला द्यावे लागते. ते देताना आमची अडचण होते, कारण खरे उत्तर लोकसंख्येत नसून ती कधी मोजली आणि रेघ कुठे ओढली यात आहे.

ज्यांचा या रकान्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पन्नास लाख आणि त्यावर लोकसंख्या असलेले शहर एक्स, पाच लाखांपासून पन्नास लाखांच्या आत वाय, आणि पाच लाखांखालचे सगळे झेड. सातव्या वेतन आयोगानंतर १ जुलै २०१७ पासून दर २४, १६ आणि ८ टक्के झाले. त्याच वेळी असेही ठरले की महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या पुढे गेला की हे दर २७, १८, ९ होतील आणि ५० टक्के झाला की ३०, २०, १०. पहिली वाढ जुलै २०२१ मध्ये लागू झाली, दुसरी जानेवारी २०२४ पासून. या वाढींसाठी नवी समिती नेमावी लागली नाही की कुठल्या शहराला निवेदने द्यावी लागली नाहीत. सूत्र आधीच लिहिलेले होते, टक्केवारी ओलांडली, दर बदलले.

वर्गवारीचे तसे नाही, आणि आमचे म्हणणे नेमके इथे सुरू होते. त्याच भत्त्याचा एक पाय, म्हणजे दर, आपोआप पुढे सरकतो. दुसरा पाय, म्हणजे शहराचा वर्ग, २०११ मध्ये रोवलेला आहे. आज लागू असलेली यादी तुमच्या विभागाच्या २१ जुलै २०१५ च्या कार्यालयीन ज्ञापनाने आली. २०११ च्या जनगणनेच्या आधारे त्या यादीने पुणे आणि अहमदाबाद वायमधून एक्समध्ये नेले आणि देशातली २१ शहरे झेडमधून वायमध्ये आणली. महाराष्ट्रातली त्यात चार होती: नांदेड-वाघाळा, सांगली, मालेगाव आणि वसई-विरार. सातव्या वेतन आयोगाने टक्केवारी बदलली, यादी तीच राहिली.

आता आकड्याचे बघू. लोकांचा समज असा की महापालिकेच्या हद्दीत माणसे किती त्यावर वर्ग ठरतो. तसे नाही. जिथे जनगणनेने ‘नागरी समूह’ ठरवला आहे तिथे त्या संपूर्ण समूहाची बेरीज धरली जाते. नागरी समूह म्हणजे एक शहर आणि त्याला सलग लागून असलेली इतर शहरे, छावण्या, वाढीव वस्त्या. नगरपालिका नसली तरी जनगणना एखाद्या मोठ्या गावाला शहर मानते. त्यासाठी किमान पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला चारशे माणसे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊणपट शेतीबाहेर असावे लागतात. अशी ‘जनगणना-शहरे’ मोठ्या शहराला खेटून असली की समूहात मिळवली जातात.

याचा परिणाम किती मोठा होतो ते पुण्यावरून कळेल. २०११ ला पुणे महापालिकेची लोकसंख्या सुमारे ३१ लाख २४ हजार होती आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाख २७ हजार. दोन्ही मिळून ४८ लाख ५२ हजारांच्या आसपास. म्हणजे दोन्ही महापालिका एकत्र केल्या तरी पुणे एक्समध्ये बसत नव्हते. पुणे, खडकी आणि देहूरोड या छावण्या आणि लगतच्या वस्त्या धरून समूहाची बेरीज ५० लाख ५७ हजारांवर गेली, आणि तेवढ्याने वीसाचे तीस टक्के झाले. मालेगावचे उदाहरण याहून बोलके आहे. महापालिका हद्दीत तेव्हा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास लोक होते, म्हणजे शहर एकटे झेडमध्येच पडले असते. लगतची जनगणना-शहरे धरून समूह ५ लाख ७६ हजारांचा झाला आणि मालेगाव वायमध्ये आले.

पुणे आणि मालेगाव दोघांनाही मिळाले ते योग्यच मिळाले. घरभाडे महापालिकेची कमान ओलांडल्यावर अचानक उतरत नाही, त्यामुळे समूहाची बेरीज धरण्याचे तत्त्व आम्हाला मान्य आहे. तक्रार आहे ती हे तत्त्व अर्ध्यावर सोडण्याची.

जळगाव घ्या. २००१ ला जळगाव शहराची लोकसंख्या ३ लाख ६८ हजार ६१८ होती, २०११ ला ४ लाख ६० हजार २२८. दहा वर्षांत ९१ हजारांची भर, म्हणजे वर्षाला नऊ हजारांहून थोडी जास्त. पाच लाखांना चाळीस हजार कमी होते. त्याच गतीने सरळ हिशेब केला तर ही तूट २०१५ च्या सुमारास भरून निघते, म्हणजे तुमचे ज्ञापन निघाले साधारण त्याच वर्षी. हा अंदाज आहे, पुरावा नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण पुरावा गोळा करण्याचे काम देशात एकाच यंत्रणेचे आहे आणि तिने २०११ नंतर मोजलेलेच नाही. २०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली, मग पुन्हा पुन्हा पुढे जात राहिली. त्यात जळगावच्या टपाल कार्यालयातल्या कारकुनाचा दोष कोणता?

रुपयांत पाहू. लेव्हल ६ च्या सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये. आजच्या दराने एक्स शहरात त्याचा भत्ता १०,६२० होतो, वायमध्ये ७,०८०, झेडमध्ये ३,५४०. झेड आणि वाय यांतला फरक महिन्याला ३,५४० आणि वर्षाला ४२,४८० रुपये. लेव्हल १ ला मूळ वेतन १८,००० असते, तिथे हाच फरक महिना १,८०० चा. साडेतीन हजारांत जळगावात दोन खोल्या मिळतात का, हे दिल्लीतल्या कोणीही एखाद्या दलालाला फोन करून विचारून पाहावे.

आता उलट बाजूही सांगणे भाग आहे, नाही तर हे पत्र ‘आमच्या गावाला द्या’ छापाचे होईल. अकोल्याची लोकसंख्या २००१ ला चार लाखांच्या थोडी वर होती आणि २०११ ला ४ लाख २५ हजार ८१७. वाढ दहा वर्षांत सव्वासहा टक्के. या गतीने जुन्या हद्दीतले अकोला पाच लाखांपर्यंत पोहोचायला २०३५ च्याही पुढे जाईल. म्हणजे ‘पंधरा वर्षे झाली, आता सगळ्यांना वर चढवा’ अशी मागणी करता येत नाही आणि आम्ही ती करत नाही. पण अकोल्यात दुसरी गोष्ट घडली. २०१६ मध्ये शहराची हद्दवाढ झाली आणि आजूबाजूची गावे महापालिकेत आली. त्या गावांतली माणसे २०११ लाही तिथेच राहत होती, जनगणनेने ती मोजलीही होती. फक्त तेव्हा ती ‘ग्रामीण’ या रकान्यात मोजली गेली. आज त्यांना कर महापालिकेचा भरावा लागतो, मतदान महापालिकेला करावे लागते. घरभाडे भत्त्याच्या हिशेबात मात्र ती अजून शहराबाहेरच उभी आहेत.

हे दुरुस्त करायला नवी मोजणी लागत नाही. २०११ च्या जनगणनेचे गाववार आकडे छापलेले आहेत. हद्दवाढीची अधिसूचना कोणती गावे आली ते नावानिशी सांगते. दोन्ही समोर ठेवून बेरीज करायची. किंबहुना ही बेरीज झालेलीच आहे. महापालिका निवडणुकीची प्रभागरचना करताना आजच्या हद्दीतली २०११ ची लोकसंख्याच धरली जाते आणि प्रभागनिहाय आकडे जाहीर केले जातात. म्हणजे प्रभाग आखताना जो आकडा सरकारी यंत्रणेला चालतो, तो घरभाडे ठरवताना चालत नाही. अकोल्याचा तो आकडा पाच लाखांच्या अलीकडे पडतो की पलीकडे हे पाहायला तुमच्या कार्यालयाला एक दुपार पुरे. अलीकडे पडला तर आम्ही अकोल्याबद्दल गप्प बसू.

मुंबईच्या शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे आकड्याचा प्रश्नच नाही, रेघेचा आहे. बृहन्मुंबई नागरी समूहात मुंबईसोबत ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येतात, त्यामुळे या सगळ्या ठिकाणी एक्सचा भत्ता मिळतो. वसई-विरार आणि भिवंडी त्यात नाहीत. वसई-विरारची लोकसंख्या २०११ लाच १२ लाखांवर होती, पण ती स्वतंत्र शहर म्हणून वायमध्ये गेली. कारण उघड आहे: भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये वसईची खाडी आहे आणि समूह ठरवताना वस्ती सलग हवी. जनगणनेच्या कामासाठी हा निकष ठीक असेल. पण लोकल पकडणाऱ्याला भाईंदरनंतरचे स्टेशन नायगाव हेच माहीत असते. परिणाम असा की भाईंदरच्या कार्यालयात ३५,४०० मूळ वेतनावर १०,६२० रुपये आणि पुढच्याच स्टेशनावर ७,०८०. चर्चगेटपासून विरार जितके लांब आहे त्यापेक्षा सीएसएमटीपासून बदलापूर जास्त लांब आहे, आणि बदलापुरात तीस टक्के मिळतात. बदलापूरकरांनी गैरसमज करून घेऊ नये, त्यांचे कमी करा असे आम्ही म्हणत नाही.

इथे एक बारकावा आहे जो पुष्कळ कर्मचाऱ्यांनाही माहीत नसतो. भत्ता राहण्याच्या जागेवरून ठरत नाही, नेमणुकीच्या जागेवरून ठरतो. विरारला राहून मीरारोडला कामाला जाणारा एक्सचा भत्ता घेतो. मीरारोडला राहून वसईत कामाला जाणाऱ्याला वायचा मिळतो, भाडे मात्र तो एक्स शहराचेच भरतो. बदलीचे आदेश निघाले की खाडीच्या उत्तरेला जायला लोक नाखूश का असतात, त्याचे एक कारण या दहा टक्क्यांत आहे.

‘निकष म्हणजे निकष, खाडी म्हणजे खाडी’ असे तुमचे उत्तर असेल तर आम्ही दिल्लीकडे बोट दाखवू. फरिदाबाद, गाझियाबाद, नोएडा आणि गुरुग्राम ही शहरे दिल्लीच्या नागरी समूहात नाहीत, ती वेगळ्या राज्यांत आहेत. तरीही तिथल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना विशेष आदेशाने दिल्लीचा, म्हणजे एक्सचा दर मिळतो. पंचकुला आणि मोहालीला चंदीगडच्या बरोबरीने वायचा मिळतो, जालंधर छावणीला जालंधरचा. शिलाँग, पोर्ट ब्लेअर आणि आपल्या शेजारचा गोवा यांनाही वायचा दर विशेष आदेशानेच मिळतो. गोव्यातले कुठलेच शहर पाच लाखांचे नाही. ७ जुलै २०१७ च्या ज्ञापनाने या सगळ्या सवलती पुढील आदेशापर्यंत चालू ठेवल्या आहेत. त्या असाव्यातच. गोव्यात पर्यटनामुळे भाडी चढलेली आहेत हे मडगावात किंवा पणजीत खोली शोधणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणजे लोकसंख्येचा आकडा घरभाड्याचे पूर्ण चित्र दाखवत नाही, हे तुमच्या विभागाने केव्हाच मान्य केलेले आहे. मग ही मान्यता कोणत्या कसोटीवर मिळते? ती कुठेही लिहिलेली नाही. दिल्लीच्या शेजाऱ्याला राज्याची सीमा आड येत नाही, मुंबईच्या शेजाऱ्याला एकाच राज्यातली खाडी आड येते.

शहराच्या वेशीबाहेरच्या कार्यालयांसाठी आठ किलोमीटरचा जुना नियम आहे, त्याबद्दलही दोन शब्द. १९६५ पासूनच्या घरभाडे नियमांत अशी तरतूद आहे की वर्गीकृत शहराच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत असलेल्या, पण धान्य, दूध, भाजी, इंधन यांसाठी त्या शहरावर अवलंबून असलेल्या ठिकाणी शहराचाच दर देता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला लागतो आणि तो मुदतीचा असतो. कल्पना चांगली आहे. व्यवहारात असे होते की दाखला एकदा आणला जातो, तीन वर्षांनी मुदत संपते, तोवर आस्थापना शाखेतला माणूस बदललेला असतो आणि नवा दाखला मागायचे राहून जाते. भत्ता जुन्या दराने चालू राहतो. मग लेखापरीक्षण येते, आक्षेप निघतो आणि मागच्या दोन-तीन वर्षांची वसुली एकदम कर्मचाऱ्याच्या पगारातून सुरू होते. ज्याने दाखला आणायचा तो कार्यालयप्रमुख, ज्याने द्यायचा तो जिल्हाधिकारी, आणि भुर्दंड तिसऱ्याला. शिवाय भाजी कुठून येते यावर घरभाडे ठरवण्याचे दिवसही आता गेले. मोबाइलवर मागवलेले दूध दारात येते, ते कोणत्या हद्दीतून आले हे दूधवाल्यालाही सांगता येणार नाही.

आता पुढचे, कारण हे पत्र आत्ता लिहिण्याचे कारण तेच आहे. नव्या जनगणनेचे वेळापत्रक ठरले आहे. घरयादीचा टप्पा २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आणि संदर्भ तारीख १ मार्च २०२७. प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या. दुसरीकडे आठव्या वेतन आयोगाची अधिसूचना ३ नोव्हेंबर २०२५ ला निघाली आणि अहवालासाठी अठरा महिने दिले गेले, म्हणजे साधारण मे २०२७ पर्यंत. दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहा. आयोगाचा अहवाल लिहून होईल तेव्हा मोजणी नुकतीच संपलेली असेल आणि शहरवार अंतिम आकडे कोणाच्याच हातात नसतील. म्हणजे आयोग नवे दर सुचवील आणि शेजारी पुन्हा २०११ चीच यादी जोडली जाईल, ही भीती रास्त आहे. सातव्या आयोगाच्या वेळी दर बदलून यादी तशीच राहिली होती, हे वर आलेच आहे.

यादी त्यानंतर किती दिवसांनी बदलेल? मागचा अनुभव मोजता येतो. २०११ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०११. नवी वर्गवारी लागू झाली १ एप्रिल २०१४ पासून, म्हणजे तीन वर्षे आणि एक महिन्याने. आदेश मात्र निघाला जुलै २०१५ मध्ये, म्हणजे चार वर्षे उलटून गेल्यावर. मधल्या पंधरा-सोळा महिन्यांची थकबाकी मिळाली, पण २०११ ते २०१४ ही तीन वर्षे शहर मोठे असूनही भत्ता लहान शहराचा होता आणि ते पैसे कोणालाच मिळाले नाहीत. त्याआधी २००१ च्या जनगणनेवरची वर्गवारीही नोव्हेंबर २००४ मध्ये आली होती. हीच चाल राहिली तर १ मार्च २०२७ ला मोजलेली माणसे एप्रिल २०३० पासून हिशेबात येतील आणि आदेश २०३१ च्या मध्यावर हातात पडेल, म्हणजे त्यापुढच्या जनगणनेची वेळ झालेली असेल.

या उशिराला तांत्रिक कारण आहे असे कोणी म्हणू नये. २०११ ला शहरांचे आणि समूहांचे तात्पुरते आकडे त्याच वर्षी जाहीर झाले होते. या वेळी तर मोजणी मोबाइल अ‍ॅपवर होणार आहे. पुढचे काम म्हणजे पाच लाख आणि पन्नास लाख या दोन रेघांच्या वर कोण गेले ते यादीतून काढायचे. उशीर होतो कारण हे काम कोणत्या तारखेपर्यंत करायचे, असे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही.

एक सोपा वाटणारा उपाय आम्ही मुद्दाम मागत नाही: अंदाजित लोकसंख्येवर वर्ग ठरवणे. सरकारच्या तांत्रिक गटाने २०११ ते २०३६ चे अंदाज काढलेले आहेत, पण ते राज्यांचे आहेत, शहरांचे नाहीत. त्यांतून जळगावचा आकडा काढायचा म्हणजे राज्याची सरासरी एका शहरावर लादणे. अकोला आणि जळगाव एकाच राज्यात असून एकाची वाढ सव्वासहा टक्के आणि दुसऱ्याची पंचवीसच्या जवळ, यावरून तसे करण्यातला धोका कळतो. मतदार याद्या आणि आधारही या कामाचे नाहीत. माणूस गावच्या पत्त्यावर नोंदलेला असतो आणि राहतो शहरात. मोजलेला आकडाच हवा, फक्त तो शिळा नको आणि बरोबर हद्दीचा हवा.

याचा परिणाम केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरता थांबत नाही, हेही नोंदवतो. महाराष्ट्र शासनाचे कर्मचारी आणि अनुदानित शाळांतले शिक्षक यांचा भत्ताही याच एक्स, वाय, झेड साच्यात बसवलेला आहे. दिल्लीत यादी अडली की इथेही अडते.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

१. नव्या जनगणनेचे शहरवार आकडे जाहीर झाल्यापासून सहा महिन्यांत नवी वर्गवारी काढावी आणि ती १ मार्च २०२७ पासून लागू करावी. दर वाढवण्याचे सूत्र जसे आधीच लिहून ठेवले आहे तसेच हेही ज्ञापनात आधीच लिहावे. तात्पुरत्या आणि अंतिम आकड्यांत फरक निघून एखादे शहर रेघेखाली गेले तर पुढच्या महिन्यापासून दर बदलावा, पण दिलेल्या पैशांची वसुली करू नये.

२. तोवर थांबायचे म्हटले तरी २०११ चे आकडे ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवलेल्या हद्दींवर पुन्हा मांडावेत. झेडमधल्या ज्या शहरांची हद्द २०११ नंतर वाढली आहे तेवढ्यांचीच ही तपासणी करायची आहे. ज्यांची बेरीज पाच लाखांवर जाते त्यांना वायचा दर लगेच द्यावा. ज्यांची जात नाही त्यांचे आकडेही प्रसिद्ध करावेत, म्हणजे निवेदने देणे थांबेल. या मागणीने जळगावचे भले होईलच असे नाही. तिथे नव्या मोजणीचीच वाट पाहावी लागेल, आणि म्हणूनच पहिल्या मागणीतली तारीख महत्त्वाची आहे.

३. विशेष आदेशाने वरचा दर देण्याची कसोटी लिहून जाहीर करावी. ती फरिदाबाद आणि मोहालीला जशी लागू होते तशीच वसई-विरार आणि भिवंडीला लावून पाहावी. नकार द्यायचा असेल तर कारणासह द्यावा.

४. जनगणना आयुक्तांनी नव्या नागरी समूहांची प्रारूप यादी आकडे येण्यापूर्वी प्रसिद्ध करून हरकती मागवाव्यात. कोणती वस्ती सलग धरली आणि कोणती नाही, हे आकडा कळायच्या आधी ठरलेले बरे. आकडा कळल्यावर रेघ हलवली अशी शंका मग कोणी घेणार नाही.

५. आठ किलोमीटरच्या नियमातला अवलंबित्वाचा दाखला काढून टाकून केवळ अंतर धरावे. ते शक्य नसेल तर दाखल्याची मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरण ही कार्यालयप्रमुखाची जबाबदारी ठरवावी. दाखला वेळेत आला नाही म्हणून कर्मचाऱ्याकडून वसुली करू नये.

६. आठव्या वेतन आयोगाला विनंती अशी की अहवालात ‘लोकसंख्या’ एवढाच शब्द लिहून पुढे जाऊ नये. कोणत्या जनगणनेची, महापालिकेची की समूहाची आणि कोणत्या तारखेच्या हद्दीची, या तीन गोष्टी त्याच वाक्यात याव्यात. शिवाय ४ लाख ९९ हजारांना दहा टक्के आणि ५ लाख १ हजाराला वीस, या एकाच उंच पायरीऐवजी चार ते पाच लाखांच्या शहरांसाठी मधला दर ठेवता येतो का, तेही तपासावे. पाचव्या आयोगापर्यंत शहरांचे वर्ग आजच्यापेक्षा जास्त होते आणि पगारबिले तेव्हाही वेळेवर निघत होती, तीही हाताने लिहून.

खर्चाचा प्रश्न तुम्ही विचाराल. पहिल्या मागणीत नव्या हक्काचा एक रुपयाही नाही. जो भत्ता आकड्यानुसार देय आहे तो देय झाल्याच्या दिवसापासून द्यावा, एवढेच त्यात आहे. दुसरीत किती शहरे येतात हे मोजल्याशिवाय ना तुम्हाला सांगता येईल ना आम्हाला. मोजायला लागणारे कागद तुमच्याच सरकारने छापलेले आहेत. तिसरीचा खर्च मात्र खरा आहे. वसई-विरार आणि भिवंडीत केंद्राची कार्यालये किती आणि माणसे किती, याचा तक्ता तुमच्याकडे वेतन-लेखा प्रणालीतून निघतो. तो काढून निर्णय घ्यावा आणि तक्ताही जाहीर करावा.

या पत्राचे उत्तर आम्हाला व्यक्तिशः नको आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मागणीवर विभागाची भूमिका काय, ती एका ज्ञापनाने सर्व मंत्रालयांना कळवली तर ती आमच्या टेबलापर्यंत आपोआप पोहोचेल.

आपले,
केंद्रीय कार्यालयांच्या आस्थापना व लेखा शाखांतील काही आजी-माजी कर्मचारी, महाराष्ट्र